मोजणीबाईंची सात पानं

मोजणीबाई हे नाव मीच पाडलं. समोर आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो, पाठीमागे मोजणीबाई. लोक जमीन मोजतात, या फिल्म मोजायच्या. फिल्मच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, त्यातल्या एकेकाला फ्रेम म्हणतात, आणि बाईंना त्या पंचवीसातली सहा कमी झालेली कळायची. मला हे खोटं वाटायचं. एकदा मी गंमत म्हणून त्यांच्या गैरहजेरीत एका शॉटच्या शेपटीचे आठ फ्रेम उडवले. बाई आल्या, फिल्म लावली, तिथे पोचल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “कोणाचा हात शिवशिवला?” मी दाराशी उभा होतो. पुन्हा तसली गंमत केली नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत मालक, मधलीत बाई आणि त्यांचे दोन मॉनिटर, शेवटच्या बिनखिडकीच्या खोलीत मी. मी आवाजाचा माणूस. आम्ही माहितीपट करायचो, चित्रवाहिन्यांसाठी आणि ज्या संस्थांना स्वतःचं कौतुक पडद्यावर बघायचं असतं त्यांच्यासाठी. बाई तिथे बावीस वर्षं एडिटर होत्या, मी अकरा. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे मालक बाईंना काय बोलतात ते मला बसल्याजागी ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, मी कान देऊन ऐकायचो.

मालक रफ कट बघायला बसले की त्यांची मतं ठरलेली. रफ कट म्हणजे कच्ची जोडलेली फिल्म, अजून खूप कापायची असते ती. “मजा येत नाही.” “जीव नाही यात.” “ढिलं वाटतंय, टाइट करा.” एकदा तर “हे ओल्या पोत्यासारखं झालंय” असंही म्हणाले. आता ओलं पोतं कापायचं कुठून? दुसरा एडिटर असता तर डोकं धरून बसला असता. बाई शांतपणे विचारायच्या, “साहेब, तुम्ही मोबाईल उचललात तो दहाव्या मिनिटाला. तिथून ढिलं वाटायला लागलं का?” मालक विचार करून म्हणायचे, “हो, साधारण तिथूनच.” बाई फिल्म बघायच्याच नाहीत, मालकांना बघायच्या. ते कधी खुर्चीत सरकले, कधी जांभई दिली, कधी पुढे वाकले, हे सगळं टाइमकोडसकट, म्हणजे फिल्मच्या घड्याळातल्या मिनिट-सेकंदासकट, कागदावर उतरायचं. मला म्हणाल्या होत्या, “अरे, या माणसाला दुखतं कुठे ते बरोबर कळतं. औषध सांगतो ते चुकीचं असतं. आपण जागा ऐकायची आणि औषध सोडून द्यायचं.”

त्या गोड होत्या असं कोणी समजू नये. पहिली दोन वर्षं त्यांनी मला एकदाही बरं म्हटलं नाही. मी रात्रंदिवस खपून केलेला आवाज ऐकून म्हणायच्या, “बाराव्या सेकंदाला दार वाजतं आणि दार दिसतं त्याच्यानंतर. पाहुणा आत आल्यावर घंटा वाजवतोस होय?” मला रडू यायचं. पण घरी जाताना काय करायचं ते मला माहीत असायचं. मालकांनी कौतुक केलं की मात्र मी गोंधळून घरी जायचो.

मग त्यांचं उजवं मनगट गेलं. बावीस वर्षं माऊस धरून आतली नस दाबली गेली होती. बोटं आधी मुंग्यांनी, मग नुसतीच बधिर. ऑपरेशन झालं, दीड महिना रजा. तेवढ्यात मालकांनी नवा एडिटर आणला. पस्तिशीचा, लग्न झालेला, बायकोला दिवस गेलेले, आणि घरात-बाहेर कायम डोक्यावर टोपी. त्याला सगळे टोपीच म्हणायला लागले. त्याचे हात भराभर चालायचे. नजर मात्र सारखी मालकांच्या दाराकडे.

बाई परत आल्या त्या सोमवारी मालकांनी आम्हां तिघांना मधल्या खोलीत बोलावलं. बाईंच्या मनगटाला पट्टा होता. मालक म्हणाले, “बाई, बसा. हा शॉट जरा कापून दाखवा, हात कसा चालतो ते बघू.” बाई बसल्या. पडद्यावरचा बाण थरथरत कापायच्या जागेवर गेला, पुढे गेला, मागे आला. एका साध्या कटला त्यांना मिनिटभर लागलं, तेही दोन फ्रेम चुकले. मालक हसले. “अहो, एवढ्यात याने अख्खा सीन लावला असता.” आणि टोपीच्या पाठीवर थाप मारली. टोपी हसला. मीही हसलो, कारण मालक माझ्याकडे बघत होते. बाईंनी माऊस नीट चटईवर मधोमध ठेवला आणि उठल्या.

त्याच बैठकीत मालकांनी काय ते स्पष्ट सांगितलं. दोन एडिटर पोसणं त्यांना जमणार नव्हतं. शुक्रवारी चित्रवाहिनीची माणसं फिल्म बघायला येणार होती. टोपीचा रफ कट दोनदा पडला होता. “तुमचा हात नको, बाई. तुम्ही नोट्स द्या. फिल्म उभी करा, मग तुमचं काय ते बघू.” बाईंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, हात गेला तरी आता डोक्याला जागा मिळाली. चोपन्न वर्षांची, मनगट गेलेली एडिटर दुसरीकडे कोणी उभी केली नसती, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. घरी एक थोरली बहीण, पाय अधू झालेली, आणि ते घर बाईंच्या पगारावर चालायचं.

फिल्म होती पुलाचे खांब तपासणाऱ्या पाणबुड्यांची. गढूळ पाण्यात उतरून हाताने चाचपत तडे शोधणारी माणसं. त्यातला एक वर आलाच नाही, आणि त्याच्या बायकोची मुलाखत फिल्ममध्ये होती. विषय असा की बघणाऱ्याने श्वास धरावा. टोपीचा पहिला कट बासष्ट मिनिटांचा होता, हवी होती अठ्ठेचाळीस. मालक म्हणाले, ढिलं आहे. त्याने प्रत्येक शॉटमधून थोडं थोडं कापून चोपन्नवर आणला. मालक म्हणाले, “आता तर आणखी लांब वाटतंय, काय केलंस काय तू?” बिचाऱ्याला कळेना, आठ मिनिटं कापून फिल्म लांब कशी होते. आणि बायकोच्या मुलाखतीवर मालकांचा शेरा होता, “ही बाई खोटी वाटते. काढून टाक.” टोपी तिला काढणारच होता.

मंगळवारी सकाळी बाईंनी फिल्म पहिल्यांदा बघितली, न थांबवता, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा बघताना कागद घेतले. दुपारी जिन्यात मला भेटल्या. बहिणीने फोनवर सल्ला दिला होता, तो त्यांनी मला हसत सांगितला. “ताई म्हणते, ‘गती बघ, टाइट कर, जरा जीव आण’ असं लिहून दे. पोरगा शुक्रवारपर्यंत चाचपडत बसेल, फिल्म पडेल, आणि मालक तुझ्या पाया पडत येतील.”

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणालो.

“बरोबर आहेच. ताईचं कधी चुकत नाही.” मग जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाल्या, “पण त्या बायकोचं तू बघितलंस का? कच्च्या फुटेजमध्ये?”

मी बघितलं होतं. आवाज मीच साफ केला होता. तिला विचारतात, त्या दिवशी काय झालं. ती सात सेकंद काही बोलत नाही. मांडीवरचा रुमाल उलगडते, पुन्हा घडी घालते, आणि म्हणते, “जेवून गेला होता.” एवढंच. टोपीने ती सात सेकंदं एका सेकंदावर आणली होती आणि जोड दिसू नये म्हणून वर पुलाचा शॉट चिकटवला होता. विचारलं की लगेच उत्तर, एखाद्या खिडकीवरच्या कारकुनासारखं. म्हणून ती खोटी वाटत होती.

“याने तिला खोटी पाडली आणि आता खोटी वाटते म्हणून काढणार,” बाई म्हणाल्या. “मी ‘जीव आण’ असं लिहिलं तर ती गेलीच.” आणि वर गेल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सात पानं लिहिली, डाव्या हाताने. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, वाकडंतिकडं. पण मजकूर असा की वाचताना मला हेवा वाटला. पहिल्या पानावर फ्रेमचं नावसुद्धा नव्हतं. मोठ्या तीनच गोष्टी, आणि वर ताकीद: हे आधी कर, त्याशिवाय पान उलटू नकोस, नाहीतर जे फेकायचंय तेच घासत बसशील. “९ ते १३ मिनिटं, प्रशिक्षण केंद्र: काढ. यातलं सगळं आपल्याला पुढे पाण्यात दिसतंच. अधिकारी साहेब एकच गोष्ट दोनदा सांगतात, २६ आणि ३१ मिनिटांवर: दुसरी दोन मिनिटं काढ. अपघात झाला हे आपल्याला ३६ व्या मिनिटाला कळतं, तोवर हे पाण्यात का उतरतात याची आपल्याला भीती वाटत नाही. अपघाताचं एक वाक्य पहिल्या पाच मिनिटांत आण, बायको आहे तिथेच राहू दे.”

पुढच्या पानांवर लयीचं. “सगळे शॉट चार-चार सेकंदांचे झालेत. तू सगळीकडून सारखं कापलंस, म्हणून छोटी होऊनही लांब वाटते. १७ ते १९, होडीवरची तयारी: शॉट दोन-दोन सेकंदांवर आण, हात हलता असतानाच काप, थांबल्यावर नको. मग तो पाण्यात उतरतो तो एकच शॉट अकरा सेकंद ठेव, मध्ये काहीही नको, डोकं बुडून पाणी सपाट होईपर्यंत.” आणि बायकोपाशी: “३८:१०. मालकांना ती इथे खोटी वाटते, ते खरं आहे. कारण तिची शांतता गेली. प्रश्नानंतरची सात सेकंदं पूर्ण परत आण. पुलाचा शॉट काढ. ‘जेवून गेला होता’ नंतर वीस फ्रेम धर, मग काप. आत्ता शेवटचा शब्द तोंडात असतानाच कापलायस.”

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. पहिलं पान अमलात आणलं की पुढचे सगळे टाइमकोड सरकणार. म्हणून प्रत्येक नोटेपुढे शॉटमध्ये काय दिसतं आणि कोणता शब्द ऐकू येतो तेही लिहिलं होतं, म्हणजे आकडा हलला तरी जागा सापडावी. मी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, तुम्ही शेजारी बसणारच आहात ना? म्हणाल्या, “माझ्याकडे बघून काप असं कशाला? कागद पुरला पाहिजे.”

टोपी ती पानं घेऊन बसला. पहिल्या तासात त्याच्या मानेवरचा घाम गेला. बाई मधूनमधून मागे उभ्या राहायच्या, पण त्यांना विचारायची वेळच येत नव्हती.

बुधवारी चहाच्या वेळी मालक माझ्या खोलीत आले. ते कधी येत नाहीत. हातात बाईंची सात पानं, टाइप करून घेतलेली. वर बाईंचं नाव नव्हतं. मला म्हणाले, “तुला हे कळतं का? वाचून काम होईल असं आहे का हे?”

सोमवारचं माझं हसू मला दोन दिवस टोचत होतं. म्हटलं, आता बाईंची बाजू घ्यायची संधी आहे, सोडायची नाही. मी सांगितलं, “साहेब, अशा नोट्स मी जन्मात बघितल्या नाहीत. यात विचारायला काही शिल्लकच नाही. बाई शेजारी असोत की नसोत, यावरून कोणीही फिल्म कापेल. याला म्हणतात काम येणं.” आणखी बरंच बोललो. बाईंनी मला काय काय शिकवलं तेही सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, पानांची घडी घातली आणि म्हणाले, “बरं झालं तुला विचारलं.” मी त्या दिवशी खुशीत घरी गेलो. बायकोलाही सांगितलं, आज एका चांगल्या माणसाच्या कामी आलो म्हणून.

शुक्रवारी वाहिनीची दोन माणसं आली. दिवे मालवले. होडीवरचे हात भराभर चालले, मग ती अकरा सेकंदं आली आणि खोलीत कोणी हललं नाही. बायकोने रुमालाची घडी घातली तेव्हा वाहिनीच्या बाईंनी चष्मा काढला. आमच्या बाई दाराशी उभ्या होत्या, पडद्याकडे पाठ करून, त्या दोघांकडे बघत. कोणी मोबाईल उचलला नाही. फिल्म पास झाली. जाताना त्यातला एक एवढंच म्हणाला, “शेवट किंचित लांबतो. तेवढं बघा.”

पाहुणे गेल्यावर मालकांनी दार लावलं. टोपीला म्हणाले, “शाब्बास.” मग बाईंकडे वळून, बसा असंही न म्हणता, “बाई, या महिन्यापर्यंतचं तुमचं सगळं देऊन टाकतो. सोमवारपासून यायची गरज नाही.”

बाईंना आधी कळलंच नाही. म्हणाल्या, “साहेब, फिल्म उभी राहिली ना?”

“राहिली की. पण तुम्ही कशा लिहिता ते आता आमच्याकडे आहे. सात पानांत सगळी पद्धत आहे. हा तसंच बघेल, तसंच लिहील. तुम्ही शेजारी असा नसा, काम होतं.” आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “मी नाही, हाच म्हणाला. तुमचाच माणूस. मी मुद्दाम विचारून घेतलं.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यात राग असेल. नव्हता. मी त्यांना अकरा वर्षं ओळखत होतो. त्या माझ्याकडे बघत होत्या तसंच, जसं मालक रफ कट बघताना मालकांकडे बघायच्या. कुठे सरकलो, कुठे नजर चुकवली.

“कधी म्हणालास?” त्यांनी विचारलं.

“बुधवारी. चहाच्या वेळी. बाई, मी तुमचं कौतुक...”

“ते कळलं मला.”

मालक फोनवर बोलत बाहेर गेले. बाईंनी खुर्चीच्या पाठीवरची शाल काढली, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं. बावीस वर्षांचं सामान म्हणून तेवढंच निघालं. पट्ट्यातल्या हाताला पिशवी धरता येईना म्हणून ती डाव्या हातात घेतली. मी पुढे झालो तर त्यांनी पिशवी मागे घेतली. घरी बहिणीला काय सांगणार आहेत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि तेवढ्यात टोपीने तोंड उघडलं. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. वाहिनीच्या शेऱ्याने तो धास्तावला होता आणि त्याला समोर फक्त बाई दिसत होत्या. “बाई,” तो म्हणाला, “ते शेवट लांबतो म्हणाले. शेवटचा पाण्याचा शॉट नऊ सेकंदांचा आहे. किती कापू?”

मी मनात म्हटलं, बोलू नका. खरंच, हात जोडून म्हणत होतो. म्हणा, तुझं तू बघ. म्हणा, जरा टाइट कर. एवढं एकदा वाईट वागा, म्हणजे मला रात्री झोप तरी लागेल.

बाई पिशवी घेऊन दारात थांबल्या. मॉनिटरवर फिल्मचं शेवटचं मिनिट तसंच उघडं होतं. त्यांनी ते बघितलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं.

“तो शॉट कापू नकोस,” त्या म्हणाल्या. “लांब तो नाहीच. तुझी फिल्म त्याच्या आधी दोनदा संपते. पाणबुडे कपडे वाळत घालतात तिथे एकदा, मग पुलावरची गर्दी दिसते तिथे दुसऱ्यांदा. बघणारा दोनदा उठायला होतो, म्हणून तिसऱ्यांदा कंटाळतो. ४६:५० ते ४७:२२ काढून टाक, बत्तीस सेकंदं. बायकोच्या शेवटच्या वाक्यावरून थेट पाण्यावर ये. पाण्याचा आवाज तिच्या चेहऱ्यावरच सुरू कर, चित्राच्या एक सेकंद आधी.” मग माझ्याकडे न बघता, “ते याला सांग, आवाजाचं हा करेल.”

आणि जिना उतरून गेल्या.

मालकांचा मला त्या दिवशी फारसा राग आला नाही. टोपीचा तर नाहीच. मला बाईंचा राग आला. ज्या शब्दांनी त्यांचं घर बसलं, तेच शब्द त्या जाता जाता पुन्हा देऊन गेल्या, फुकट, आणि एक शब्दही कमी न करता.

टोपीने बत्तीस सेकंदं काढली. मी पाण्याचा आवाज पंचवीस फ्रेम आधी सुरू केला. बरोबर बसला.